कार्ड कपाटात, नाव कुठे?

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलावर हमखास एक वाद ऐकू येतो. समोरच्या माणसाच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात जपलेले मतदार ओळखपत्र असते आणि टेबलामागचा कर्मचारी सांगत असतो की यादीत नाव नाही. ‘कार्ड सरकारनंच दिलंय ना?’ हा प्रश्न रास्त असतो, पण त्या टेबलावर त्याचा काही उपयोग होत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२ नुसार ज्याचे नाव त्या मतदारसंघाच्या यादीत त्या वेळी आहे, त्यालाच तिथे मत देता येते. यादीतला अमुक माणूस म्हणजे आपणच, एवढे पटवून देण्यापुरतेच ओळखपत्राचे काम. ते काम आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेले बँकेचे पासबुक किंवा मनरेगाचे जॉबकार्डही करते. यादीतल्या ओळीला मात्र दुसरा कोणताही कागद पर्याय ठरत नाही.

म्हणून पाहायची ती यादी. ती कशी रचलेली असते हे आधी समजून घेतले तर पुढचे शोधणे फार सोपे जाते. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकाची यादी वेगळी. ती यादी ‘भागां’त विभागलेली असते. एक भाग म्हणजे साधारणपणे एक मतदान केंद्र. एका केंद्रावर पूर्वी १५०० पर्यंत मतदार जोडले जात; निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये ही मर्यादा १२०० वर आणली. भागाच्या आत प्रत्येक मतदाराला अनुक्रमांक असतो. तेव्हा यादीतला आपला खरा पत्ता म्हणजे तीन आकडे: मतदारसंघ क्रमांक, भाग क्रमांक आणि त्या भागातला अनुक्रमांक. घरचा पत्ता आपण पाठ केलेला असतो, हा दुसरा पत्ता बहुतेकांना ठाऊकच नसतो.

तो शोधायची जागा म्हणजे आयोगाचे electoralsearch.eci.gov.in हे संकेतस्थळ. तिथे तीन वाटा आहेत. ओळखपत्राच्या क्रमांकावरून, स्वतःच्या तपशिलांवरून आणि मोबाइल क्रमांकावरून. मोबाइलची वाट सर्वांत झटपट वाटते, पण नोंदणीच्या वेळी तो क्रमांक दिलेला असेल तरच ती चालते. जुन्या मतदारांच्या नोंदीला मोबाइल जोडलेला नसणे अगदी नेहमीचे आहे, त्यामुळे तिथे काही सापडले नाही म्हणून घाबरून जाऊ नये. पहिली वाट ओळखपत्राच्या क्रमांकाचीच धरावी. हा क्रमांक म्हणजे तीन इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे सात आकडे, कार्डावर ठळक छापलेला. क्रमांक टाकायचा, राज्य निवडायचे, चित्रातली वेडीवाकडी अक्षरे पाहून टाइप करायची आणि शोध घ्यायचा. शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल होते तेवढी सांभाळावी. पहिली तीन अक्षरेच असतात आणि पुढचे सात आकडेच, हे लक्षात ठेवले की गोंधळ उरत नाही.

क्रमांक जुळला की एक ओळ समोर येते. नाव, वय, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जिल्हा, मतदारसंघ, भाग, मतदान केंद्र, अनुक्रमांक. बहुतेक लोक इथे स्वतःचे नाव पाहतात, ‘आहे’ म्हणतात आणि पान बंद करतात. माझ्या मते खरी चूक इथे होते, कारण नाव असणे आणि नाव योग्य ठिकाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक नेहमी आढळणारे उदाहरण घेऊ. समजा, कराडची एक मुलगी. अठरा पूर्ण झाल्यावर तिने कॉलेजात असतानाच नाव नोंदवले, कार्ड आले. पुढे लग्न होऊन ती पुण्यात हडपसरला आली. आधारवर पत्ता बदलला, नाव बदलले, बँकेत बदलले. मतदार यादीचे कुणाच्या डोक्यात आले नाही. आता ती कार्डाचा क्रमांक टाकते आणि नाव सापडते. पण त्या ओळीत मतदारसंघाच्या रकान्यात ‘२६० कराड दक्षिण’ आहे, केंद्र माहेरच्या वस्तीजवळची शाळा आहे, आणि नात्याच्या रकान्यात वडिलांचे नाव आहे. हडपसर हा २१३ क्रमांकाचा मतदारसंघ. तिथल्या कुठल्याही भागात तिची नोंद नाही. नवऱ्याबरोबर ती हडपसरच्या केंद्रावर गेली तर कार्ड खरे, नाव खरे, यादीतली नोंदही खरी, आणि तरीही तिला परत फिरावे लागेल.

या बाईंनी आता काय करायचे? पुष्कळ जण इथे नव्याने नोंदणी करतात, म्हणजे नमुना ६ भरतात. तो पहिल्यांदा मतदार होणाऱ्यांसाठी आहे. आधीची नोंद असताना तो भरला तर एकाच व्यक्तीची दोन ठिकाणी नावे होतात, आणि कायद्याने एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. शिवाय अर्जात खोटे निवेदन दिल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. कुणी मुद्दाम खोटे लिहीत नाही हे मान्य, पण ‘माझे नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही’ या आशयाच्या निवेदनाखाली सही करताना ते वाचतो कोण! पूर्वी मतदारसंघ बदलला की नमुना ६ च भरावा लागे, त्यामुळे माहीतगार माणसेही जुन्या सवयीने तसाच सल्ला देतात. ऑगस्ट २०२२ पासून पद्धत बदलली. स्थलांतर मतदारसंघाच्या आत असो की बाहेर, नमुना ८ भरायचा. त्यात जुना ओळखपत्र क्रमांक द्यायचा, नवा पत्ता द्यायचा. नवी नोंद झाली की जुनी वगळली जाते आणि क्रमांक तोच राहतो.

नमुना ८ मध्ये चार कामांपैकी एकावरच खूण करता येते: पत्ता बदल, नोंदीतली दुरुस्ती, कार्डाची नवी प्रत, किंवा दिव्यांग म्हणून नोंद. तेव्हा आपल्या उदाहरणातल्या बाईंना आधी पत्ता बदलून घ्यावा लागेल आणि नाव व नाते बदलण्यासाठी दुसरा अर्ज करावा लागेल. पत्त्याचा पुरावा स्वतःच्याच नावाचा हवा असेही नाही. नवरा त्याच पत्त्यावर मतदार असेल तर त्याच्या नावाचे वीजबिल चालते. अर्ज voters.eci.gov.in वर भरता येतो किंवा आपल्या भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात, त्यांच्याकडे देता येतो. हे बीएलओ बहुतेकदा जवळच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, आणि आपला भाग क्रमांक सांगितला की त्यांचा पत्ता लागतो. अर्जानंतर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा, त्यावरून अर्ज कुठे अडला ते पाहता येते. आणि काम झाल्याचा संदेश आला तरी पुन्हा एकदा शोध घेऊन हडपसरच्या यादीतली ओळ डोळ्यांनी पाहावी.

इथे गावाकडच्या घराचा प्रश्न हटकून निघतो. ‘आमचं घर आहे तिथे, नाव तिथेच राहू दे.’ कायदा ‘सर्वसाधारण रहिवास’ पाहतो, आणि केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, असे १९५० च्या अधिनियमात स्पष्ट म्हटले आहे. शिक्षणासाठी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र मूळ घर किंवा वसतिगृह यांपैकी एक ठिकाण निवडता येते. परदेशात राहणारे पण भारतीय नागरिकत्व न सोडलेले मराठी लोक नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या यादीत येऊ शकतात. त्यांना मतदानाला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष यावे लागते.

आता दुसरी शक्यता. क्रमांक टाकला आणि काहीच सापडले नाही. त्याचा अर्थ लगेच ‘नाव कापले’ असा घेऊ नये. जुन्या पिढीच्या कपाटांत अजून अशी कार्डे आहेत ज्यांवरचा क्रमांक MT/ ने सुरू होतो आणि पुढे तिरप्या रेघांनी तोडलेले आकडे असतात. नंतर दहा खुणांचा सरसकट नमुना आला आणि अशा मतदारांना नवे क्रमांक दिले गेले. आजोबांचे कार्ड जुने, यादीत क्रमांक नवा, त्यामुळे शोध रिकामा येतो. अशा वेळी दुसरी वाट धरायची: तपशिलांवरून शोध. त्यात नाव, नातेवाइकाचे नाव, जन्मतारीख किंवा वय, लिंग, जिल्हा आणि मतदारसंघ विचारतात.

या वाटेवर मराठी माणसाची खरी परीक्षा नावाच्या लिहिण्यात होते. यादी मराठीत असते आणि इंग्रजीतही. कुणाचा अर्ज मराठीत भरलेला, कुणाचा इंग्रजीत, आणि दुसऱ्या लिपीतले रूप नंतर कुणीतरी किंवा कुठल्यातरी संगणक प्रणालीने तयार केलेले. ‘ज्योत्स्ना’ इंग्रजीत Jyotsna, Jyotsana, Jotsna असे काहीही होऊ शकते. ‘वैद्य’चा Vaidya होतो तसा Vaidhya होतो. उलट दिशेने, इंग्रजी Kale परत मराठीत येताना ‘काळे’ होईल की ‘काले’, हे टाइप करणाऱ्यावर अवलंबून. त्यात आपल्याकडच्या यादीत आडनाव आधी आणि मग नाव, वडिलांचे नाव, असा क्रम पुष्कळदा असतो, तर शोधाच्या पानावर नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे. बायकांच्या बाबतीत लग्नाआधीचे की नंतरचे नाव, हा प्रश्न निराळाच.

म्हणून शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी मराठीत शोधावे, मग भाषा बदलून इंग्रजीत. मग स्पेलिंग बदलून. मग नातेवाइकाच्या जागी वडिलांऐवजी पती, किंवा उलट. जुन्या नोंदींत जन्मतारखेऐवजी नुसते वय असते आणि तेही अंदाजाने सांगितलेले, त्यामुळे जन्मतारखेने सापडत नसेल तर वय टाकून, आणि ते एकदोन वर्षे मागेपुढे करून पाहावे. मतदारसंघही तपासून घ्यावा. शहरात राहत्या भागाचे नाव आणि मतदारसंघाचे नाव एकच असेल असे नाही. पुण्यात वारजे भागातला माणूस कोथरूडच्या यादीत शोधत बसला तर त्याला नाव मिळणार नाही, कारण तो भाग खडकवासला मतदारसंघात जातो.

एवढे करूनही हाती काही लागले नाही तर तिसरा उपाय जुन्या पद्धतीचा आहे, थोडा कंटाळवाणा पण मला सर्वांत भरवशाचा वाटतो. यादी उघडून वाचायची. voters.eci.gov.in वरून जिल्हा आणि मतदारसंघ निवडून कुठल्याही भागाची यादी पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येते. कुठला भाग ते कळत नसेल तर शेजाऱ्याचा किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचा शोध घ्यावा; त्यांचा भाग तोच आपला भाग असण्याची शक्यता मोठी. पहिल्या पानावर त्या भागात येणाऱ्या वस्त्या, गल्ल्या, सोसायट्यांची नावे आणि मतदान केंद्राचा पत्ता असतो. आत एकेका पानावर चौकटींत मतदार मांडलेले असतात. ऑनलाइन प्रतीत फोटो दिसत नाहीत, फोटो उपलब्ध असल्याचा नुसता उल्लेख असतो. या पीडीएफ म्हणजे पानांची चित्रे असल्यामुळे नाव टाइप करून शोधायची सोय त्यांत चालत नाही, डोळ्यांनीच वाचावे लागते. घर क्रमांकाच्या रकान्यात अनेकदा नुसती आडवी रेघ किंवा शून्य असते, त्यामुळे एकाच घरातली माणसे यादीत पन्नास ओळींच्या अंतरावर विखुरलेलीही असतात. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नये.

शेवटपर्यंत वाचायचे आणखी एक कारण आहे. मूळ यादीनंतर पुरवण्या जोडलेल्या असतात. नवी नावे, वगळलेली नावे आणि दुरुस्त्या तिथे येतात. मूळ यादीत ज्या चौकटीवर वगळल्याचा आडवा शिक्का दिसतो, तिथे नाव वाचता येते पण ते आता यादीत धरले जात नाही. वगळण्याचे कारण एका इंग्रजी अक्षराने सांगितलेले असते: E म्हणजे मृत्यू, S म्हणजे स्थलांतर, R म्हणजे दुबार नोंद, M म्हणजे माणूस पत्त्यावर सापडला नाही, Q म्हणजे अपात्र. हे अक्षर टिपून घ्यावे, कारण पुढची वाट त्यावर ठरते. R असेल तर आपली दुसरी एखादी नोंद कुठेतरी जिवंत असते, आधी ती शोधावी. S किंवा M असेल आणि आपण तिथेच राहत असू, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जाऊन विचारावे. नाव वगळण्याआधी त्या माणसाला नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी देणे नियमाने अपेक्षित आहे, त्यामुळे नोटीस कधी आणि कुठल्या पत्त्यावर पाठवली हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. त्यांच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. नाव नव्याने घालायचे असेल तर मग नमुना ६.

मतदानाच्या तोंडावर मोबाइलवर एक संदेश दरवेळी फिरतो: यादीत नाव नसेल तर आधार दाखवा, ‘कलम ४९ अ’ खाली ‘चॅलेंज वोट’ मागा, मत देता येते. हे धादांत खोटे आहे आणि आयोगाने ते खोटे असल्याचे सांगितलेही आहे. आक्षेपाची तरतूद आहे, पण ती उलट कामाची. मतदाराच्या ओळखीवर शंका असेल तर उमेदवाराचा प्रतिनिधी दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल तर ‘प्रदत्त मत’ मिळते, तेही यादीत नाव असेल तरच, आणि ते यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर. केंद्रावर गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांचीही एक वेगळी यादी असते. त्यात चुकून आपले नाव पडले असेल तर वाद घालू नये. मुख्य यादीत नाव आहे तोवर ओळख पटवून, सहीबरोबर अंगठा देऊन मत देता येते.

महाराष्ट्रात आणखी एक घोळ होतो, तो दोन आयोगांमुळे. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती राज्य निवडणूक आयोग घेतो. राज्य आयोग स्वतःची नोंदणी करत नाही. तो विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला उचलतो आणि तिचे प्रभागांत तुकडे करतो. मागच्या स्थानिक निवडणुकांसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर नोंदवलेले नाव विधानसभेच्या यादीत दिसले, तरी त्या निवडणुकांच्या प्रभाग यादीत नव्हते. प्रभाग यादीवर हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागात नाव गेल्याची किंवा लेखनिकाच्या चुकांची. नवे नाव तिथे घालता येत नाही. त्यामुळे पालिकेच्या वेळी प्रभाग यादी वेगळी पाहावी लागते, पण नाव घालण्याचे काम त्याच्या कितीतरी आधी, विधानसभेच्या यादीतच करून ठेवावे लागते.

आणि वेळेचे गणित तिथेही तितकेच कडक असते. २०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, मतदान २० नोव्हेंबरला. नव्या नावासाठी अर्ज करता येत होता १९ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे घोषणेनंतर जेमतेम चार दिवस. कार्ड शोधणे, क्रमांक जुळवणे, पुरावा काढणे हे सारे त्या चार दिवसांत बसत नाही. अर्ज एरवी वर्षभर देता येतो; १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखांना अठरा पूर्ण करणाऱ्यांना तर सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊही देता येतो. तेव्हा या आठवड्यात घरातल्या सगळ्यांची कार्डे एकत्र काढा आणि एकेकाची ओळ पाहा. जुने कार्ड असलेले आजी-आजोबा आणि लग्न होऊन आलेली सून यांची आधी. इंटरनेटचे जमत नसेल तर १९५० वर फोन करा आणि मतदारसंघ, भाग, अनुक्रमांक हे तीन आकडे विचारून घ्या.